२५ क्विंटल धान्याच्या पक्क्या कोठीला विटा किती, गिलावा किती? बांधण्याआधीचा पूर्ण हिशेब

रास घरात आली की पोत्यांची थप्पी लागते आणि पावसाळा तोंडावर आला की त्याच थप्पीला उंदीर, सोंडा किडा आणि ओल एकदमच गाठतात. पूर्वी ज्वारीला पेव होतं, वाड्यात बळद होतं, गरिबाघरी शेणानं सारवलेली कणगी होती. आता पेव खणणारं कोणी राहिलं नाही. म्हणून विटा-सिमेंटची गोल कोठी बांधून घेणारे शेतकरी अजूनही सापडतात. अडचण होते ती मापाची. शेतकरी गवंड्याला सांगतो, "२५ क्विंटल गहू बसला पाहिजे." गवंडी विचारतो, "किती फुटांची बांधू?" इथून पुढं सगळं अंदाजपंचे चालतं. मग कोठीत अठरा क्विंटलच मावतो, नाहीतर विटांची अर्धी ट्रॉली अंगणात पडून राहते.

क्विंटल हे वजन आहे आणि कोठी ही जागा आहे. या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे धान्याची घनता, म्हणजे एक घनफूट जागेत किती किलो धान्य बसतं ते. हा आकडा हाती आला की बाकी हिशेब वहीच्या एका पानात होतो.

डब्यानं घनता काढायची पद्धत

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा आणि त्याचं वरचं झाकण पूर्ण कापून टाकावं. आधी रिकामा डबा तोलावा. मग काठोकाठ पाणी भरून तोलावा. डबा चांगला वाळवून त्यात गहू ओतावा, डबा हलवू किंवा ठोकू नये, वरून लाकडी पट्टीनं सपाट करावा आणि पुन्हा तोलावा. दोन्ही वेळी डब्याचं वजन वजा करायचं.

समजा पाणी १६.५ किलो भरलं आणि गहू १२.७ किलो. १२.७ ला १६.५ नं भागलं की ०.७७ येतात. एक लिटर पाणी एक किलोचं असतं, म्हणून एक लिटर जागेत हा गहू ०.७७ किलो बसतो. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ०.७७ गुणिले २८.३ म्हणजे घनफुटाला २१.८ किलो. गव्हाचा आकडा साधारण ०.७५ ते ०.८० च्या दरम्यान येतो. दाणा भरलेला असेल तर वर, पोचट किंवा ओलसर असेल तर खाली. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा आपल्याच धान्याचं माप घेतलेलं बरं, कारण यात अर्धा तासही जात नाही.

कोठीत धान्य स्वतःच्या वजनानं थोडं दबतं, त्यामुळं डब्याच्या हिशेबापेक्षा किलोमागं थोडी जागा कमीच लागते. ही चूक शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, ती तशीच राहू द्यावी.

जागा किती, माप किती

२५ क्विंटल म्हणजे २५०० किलो. त्याला २१.८ नं भागलं की ११५ घनफूट येतात. इतकी जागा फक्त गव्हाला हवी.

आता आतला व्यास ५ फूट धरू. गोलाचं क्षेत्रफळ म्हणजे व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५४, म्हणजे १९.६ चौरस फूट. ११५ ला १९.६ नं भागलं की ५ फूट १० इंच उंची निघते. कोठीचा तळ सपाट ठेवत नाहीत, धान्य काढायच्या तोंडाकडं तीन इंचांचा उतार देतात. या उतारात सरासरी दीड इंच उंची जाते. म्हणजे गहू ६ फुटांवर येतो. त्यावर सहा इंच मोकळी जागा धरून कोठीची आतली उंची साडेसहा फूट.

हे सहा इंच उगीच धरलेले नाहीत. वरच्या तोंडातून गहू ओतला की मध्ये टोक होतं आणि भिंतीकडं तो उतरत जातो. ५ फुटांच्या कोठीत मधलं टोक आणि कडा यांत साधारण चौदा इंचांचा फरक पडतो. टोक छताला टेकेपर्यंत ओतत गेलं तर कोठीत २४ क्विंटलच्या आसपासच गहू जातो. शेवटचं क्विंटल बसवायला हातानं किंवा फावड्यानं धान्य कडेला सारावंच लागतं. त्यासाठी वरचं तोंड दोन फूट बाय दोन फुटांचं ठेवावं, म्हणजे माणूस वाकून काम करू शकतो आणि कोठी रिकामी झाल्यावर झाडायला आतही उतरू शकतो.

सगळ्यात महाग पडणारी गफलत इथंच होते. गवंड्याला "पाच फुटांची कोठी" एवढंच सांगितलं आणि त्यानं पाच फूट बाहेरून धरले, तर भिंत आणि दोन्हीकडचा गिलावा जाऊन आत जेमतेम ४ फूट पावणेदोन इंच उरतात. त्याच उंचीत मग गहू बसतो सव्वासतरा क्विंटल. पाच फूट विटेपासून विटेपर्यंत धरले आणि गिलावा विसरला, तरी पाऊण क्विंटलची जागा जाते. म्हणून गवंड्याला सांगायचं ते असं: गिलावा झाल्यावर आत पाच फूट, म्हणजे विटेपासून विटेपर्यंत ५ फूट १ इंच. चौथऱ्यावर खिळा आणि दोरीनं गोल मारतानाच टेप लावून बघावं. पहिला थर बसल्यावर बोलून उपयोग नसतो.

गोल की चौकोनी?

गवंड्यांना चौकोनी बांधणं सोपं जातं, म्हणून ते तसंच सुचवतात. पण धान्य भिंतीला बाहेर ढकलतं. चौकोनी कोठीत हा रेटा सपाट भिंतीच्या मधोमध बसतो आणि भिंत पोटातून बाहेर फुगू पाहते. तिथं चार इंची भिंत टिकत नाही, नऊ इंची लागते. साडेचार फूट बाजूची, तेवढीच उंच चौकोनी कोठी नऊ इंची भिंतीत बांधली तर नुसत्या भिंतीला १३०० च्या आसपास विटा जातात. शिवाय चार कोपऱ्यांत धान्य अडकतं आणि किडीला घर मिळतं.

गोल कोठीत रेटा सगळीकडं सारखा वाटला जातो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशी दर तिसऱ्या थरावर दोन सुती (६ मिमी) सळईची एक कडी टाकली की चार इंची भिंत पुरते. या कोठीला अशा सात कड्या लागतात. एका कडीला जोडाच्या एका फुटाहून थोड्या जास्त लांबीसह साडेअठरा फूट सळई, सगळी मिळून ९ किलो. कडी टाकली नाही तर भिंत पहिल्या वर्षी काही दाखवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला तळापासून दोन-तीन फुटांवर उभी केसासारखी चीर दिसते. ती चीर गिलाव्याची आहे म्हणून वरून सिमेंट फासून भागत नाही.

विटांचा हिशेब

ग्रामीण भागातली भट्टीची वीट ९ बाय ४ बाय ३ इंच म्हणतात. प्रत्यक्षात ती पाव-अर्धा इंच कमी भरते, म्हणून ट्रॉली उतरवण्याआधी दहा विटा ओळीनं लावून मोजाव्यात. इथं ९ इंच पूर्ण धरले आहेत. वीट लांबीनं बसवली की भिंत चार इंचांची होते.

विटेच्या आतल्या कडेचा व्यास ५ फूट १ इंच, म्हणजे ६१ इंच. घेर १९१ इंचांच्या वर. आतल्या बाजूनं सांधा तीन सूत धरला तर एका विटेला ९ इंच ३ सूत जागा लागते. एका थरात मग साडेवीस विटा बसतात. थराची उंची मसाल्यासह ३ इंच ३ सूत, म्हणजे साडेसहा फुटांत २३ थर. २३ गुणिले साडेवीस म्हणजे ४७२ विटा. तूटफूट धरून ५०० मागवाव्यात.

सरळ भिंतीचा ठोकताळा इथं चालत नाही. गोल भिंतीत आतून तीन सुताचा सांधा बाहेरच्या कडेला दीड इंचाहून थोडा जास्तच उघडतो. त्यामुळं सरळ चार इंची भिंतीपेक्षा विटा थोड्या कमी लागतात, पण मसाला साधारण तिसऱ्या हिश्शानं जास्त जातो. बाहेरच्या रुंद सांध्यात विटेच्या चिपा दाबून बसवाव्यात. नुसता मसाला भरला तर तो वाळताना आक्रसतो आणि सांधे सुटतात. या भिंतीला एकास चार मसाला धरला तर दोन पोती सिमेंट आणि दहा घनफूट वाळू लागते.

आता चौथरा. लोक कोठीच्या विटा मोजतात आणि चौथऱ्याच्या विसरतात. खरं तर जास्त विटा चौथराच खातो. उंदराला उडी मारून चढता येऊ नये म्हणून चौथरा जमिनीवर अडीच फूट हवा आणि वरच्या स्लॅबला चारी बाजूंनी तीन इंचांचा ओठ बाहेर काढायचा. पायात एक फूट धरला तर सात फूट चौरस चौथऱ्याची नऊ इंची भिंत साडेतीन फूट उंच होते. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी २५ फूट. २५ गुणिले पाऊण फूट गुणिले साडेतीन म्हणजे साधारण ६६ घनफूट बांधकाम. घनफुटाला साडेबारा विटा या हिशेबानं ८२०, तूटफूट धरून ८६०. एकास सहा मसाल्याला तीन पोती सिमेंट आणि २० घनफूट वाळू.

काळ्या जमिनीत एक फूट पाया पुरत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि प्रत्येक जादा फुटाला २३५ विटा वाढतात. ज्या गावात काळा दगड हाताशी आहे तिथं चौथरा दगडातच घ्यावा, वीट फक्त कोठीला वापरावी. चौथऱ्याच्या पोटात मुरूम भरून चांगला धुमस करावा, कारण कोठीची गोल भिंत चौथऱ्याच्या भिंतीवर पूर्ण येत नाही, बरीचशी भरावावर येते. त्यामुळंच वर चार इंची सळईचा स्लॅब टाळता येत नाही. हा स्लॅब आणि कोठीचं तीन इंची छत मिळून पंचवीस घनफूट काँक्रीट होतं, त्याला साडेचार पोती सिमेंट वेगळं धरावं.

विटेची पारख जुनीच आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. शंका असेल तर वाळलेली वीट तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावी. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट धान्याच्या कोठीला घेऊ नये. अशी पिवळट, अर्धी भाजलेली वीट घराच्या भिंतीत खपून जाते, पण इथं तीच ओल धान्यापर्यंत पोचवते.

गिलावा: आतला वेगळा, बाहेरचा वेगळा

आतली गोल भिंत १०४ चौरस फूट, तळ २०, छताची खालची बाजू तोंड वगळून १६. एकूण १४० चौरस फूट. इथं चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाडीचा एकास चार गिलावा. नुसता जाडीचा हिशेब केला तर ६ घनफुटांच्या आत ओला मसाला येतो, पण सांधे भरण्यात आणि सांडण्यात पाव भाग जातो आणि कोरडा माल ओला झाला की आटतो. ते सगळं धरून दीड पोतं सिमेंट आणि साडेसात घनफूट वाळू लागते. त्यावर निव्वळ सिमेंटची घोटाई, तिला अर्धं पोतं. घोटाईत काटकसर करू नये. खरबरीत भिंतीच्या खाचांत जुनं पीठ, भुसा आणि किडीची अंडी राहतात. कोठी झाडून काढली तरी ती निघत नाहीत आणि नव्या धान्याला लागण तिथूनच होते. भिंत आणि तळ मिळतात तो कोनही गोलवून घ्यावा.

बाहेरून भिंत ११७, छत २६ आणि चौथऱ्याच्या बाजू ७० मिळून २१३ चौरस फूट. पाच सुताचा एकास पाच गिलावा. अडीच पोत्यांच्या आत सिमेंट आणि पंधरा घनफूट वाळू.

सगळं एकत्र केलं तर विटा १३६०, बांधकाम आणि गिलाव्याला सिमेंट साडेनऊ पोती, स्लॅबसह चौदा पोती. वाळू बांधकाम-गिलाव्याला साडेबावन्न घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या थोडी वर. स्लॅबची धरून पाऊण ब्रासमध्ये काम उरकतं. गिलाव्याची वाळू बारीक चाळणीची हवी आणि माती नसलेली. मूठभर वाळू काचेच्या बाटलीत पाण्यात हलवून ठेवली की मातीचा थर वर वेगळा दिसतो.

तळाचा गिलावा करण्याआधी स्लॅबवर जाड प्लास्टिकचा कागद, निदान ७०० गेजचा, अखंड अंथरावा आणि भिंतीच्या पहिल्या थराखालून बाहेरपर्यंत न्यावा. विटेतून ओल खालून वर चढते आणि ती तिथंच अडवावी लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेल्या पुसा कोठीतही भिंतीच्या दोन पदरांमध्ये प्लास्टिकचा कागद असतो. त्या कोठीला विटा जास्त लागतात, पण ती ओलीला जास्त दाद देत नाही. इथं हिशेब केलेली एकेरी भिंतीची कोठी छपराखालीच हवी, पडवीत किंवा शेडमध्ये. उघड्यावर ती पावसाळा सोसणार नाही.

भरण्याआधी

गिलाव्यावर निदान दहा दिवस पाणी मारावं आणि नंतर तोंडं उघडी ठेवून महिनाभर तरी कोठी वाळू द्यावी. घाई इथंच नडते. वरून पांढरी दिसणारी भिंत आतून ओली असते. ओळखायची खूण सोपी आहे. एक फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक आतल्या भिंतीवर चारी कडा चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आतून थेंब दिसले किंवा भिंत काळसर पडली तर अजून पंधरा दिवस थांबावं. असंच प्लास्टिक तळावरही लावून बघावं. गिलाव्यावर नाण्यानं टकटक करून पोकळ आवाज येतो का तेही याच वेळी ऐकावं. पोकळ भाग खरवडून पुन्हा करून घ्यावा, कारण धान्य भरल्यावर तो सुटून गव्हात पडतो.

गहू-ज्वारीतला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि डाळवर्गीय धान्याचा १० टक्क्यांच्या आत हवा. आडत दुकानात ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथं मूठभर नमुना नेऊन बघता येतो. उन्हात तापलेलं धान्य लगेच कोठीत ओतू नये. रात्रभर पसरून गार करावं, नाहीतर छताखाली घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. कोठी राहत्या घराला लागून असेल तर धुरीच्या गोळ्यांचा विचारही करू नये. त्यांतून निघणारा विषारी वायू भिंतीच्या चिरांतून घरात शिरतो आणि माणसं दगावतात. या गोळ्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय वापरायच्या नसतात.

हीच कोठी पुढच्या वर्षी दुसऱ्या मालाला वापरली तर माप बदलतं. ११५ घनफुटांत ०.७२ घनतेचं सोयाबीन २३ क्विंटलच्या थोडं वर बसतं आणि ०.५८ घनतेचं भात १९ क्विंटलच्याही आत. भाताचे २५ क्विंटल हवे असतील तर घनफुटाला १६.४ किलो धरून जागा १५२ घनफूट लागेल. व्यास पाचच ठेवला तर उंची सव्वा आठ फुटांच्या वर जाते, आणि तिथून वाकून धान्य काढणं माणसाला जमत नाही. तेव्हा व्यास साडेपाच फूट करावा. क्षेत्रफळ पावणेचोवीस चौरस फूट होतं, उतार आणि मोकळी जागा धरून उंची सात फूट एक इंच. थर २५, थरात साडेबावीस विटा, म्हणजे ५६३. तूटफूट धरून ५९० मागवाव्यात आणि चौथराही प्रत्येक बाजूनं अर्धा फूट वाढवावा.